पहिले तीन महिने: वजन कधी वाढवायचं आणि कधी थांबायचं

नवीन मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, "कुठला प्रोग्राम करू?" मी त्यांना एकच मांडणी देतो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सुट्टी. तिन्ही दिवशी स्क्वॉट आणि बेंच प्रेस, पाच-पाच रेप्सचे तीन सेट. डेडलिफ्ट फक्त पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी, तोही पाच रेप्सचा एकच जड सेट. स्क्वॉटनंतर पाठ आणि मांड्या आधीच थकलेल्या असतात. त्यावर डेडलिफ्टचे तीन सेट मारले तर पुढच्या दिवसाचा स्क्वॉट हमखास बिघडतो.

सुरुवातीचं वजन ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. 20 किलोचा रिकामा बार घ्यायचा, पाच रेप्स करायच्या, मग थोडं थोडं वजन चढवत जायचं. ज्या सेटमध्ये बार वर येताना पहिल्यांदा मंदावतो, तिथे थांबायचं. समजा स्क्वॉट 45 किलोला मंदावला, तर तीन सेट 40 ने करून पुढच्या वेळी तिथून चढायला लागायचं. बऱ्याच जणांना हे फार हलकं वाटतं. पण दर खेपेला 2.5 किलो म्हणजे महिन्याभरात जवळपास 30 किलो वाढतात, आणि तेवढ्या काळात फॉर्म पक्का व्हायला हवा. डेडलिफ्ट सुरुवातीचे दोन-तीन आठवडे 5 किलोने वाढवता येतो, पुढे 2.5 ने. छोट्या व्यासाच्या प्लेट असतील तर बार जमिनीला फार जवळ येतो आणि उचलताना पाठ वाकते. अशा वेळी प्लेटांखाली काहीतरी ठेवून बार नडगीच्या मध्यावर आणायचा.

सगळ्यात आधी अडतो तो बेंच. कारण हिशेबाचं आहे. 100 किलोच्या स्क्वॉटवर 2.5 किलो म्हणजे अडीच टक्के, 50 किलोच्या बेंचवर तेच पाच टक्के. शिवाय छाती-खांद्याचे स्नायू मांड्यांपेक्षा लहान. पण सेट अपुरा राहिला म्हणून लगेच वजन उतरवू नका, आधी प्रत्येक सेटच्या रेप्स लिहिलेली वही नीट वाचा.

माझ्यासोबत सराव करणाऱ्या एका मुलाचं उदाहरण देतो. 50 किलोच्या बेंचला त्याच्या वहीत 5, 4, 3 असे आकडे आले. पहिला सेट पूर्ण निघाला होता, म्हणजे वजन उचलायची ताकद होती. रेप्स पुढे गळत गेल्या, म्हणजे दम भरायला वेळ कमी पडत होता. विचारलं तर दोन सेटमध्ये जेमतेम दीड मिनिट थांबत होता. पुढच्या वेळी चार मिनिटं थांबायला लावलं आणि त्याच 50 ला 5, 5, 5 निघाले.

मग 52.5 ला आला. विश्रांती पूर्ण घेऊनही 4, 3, 3. पुढच्या दिवशी तेच वजन, 4, 4, 3. इथे चित्र वेगळं आहे: पहिला ताजा सेटच पूर्ण होत नाही आणि हे लागोपाठ दोनदा झालं. ही खरी अडचण. आम्ही साधारण दहा टक्के उतरून 47.5 वर आलो आणि दर खेपेची वाढ 1 किलोवर आणली. त्यासाठी अर्ध्या किलोच्या छोट्या प्लेट लागतात. बऱ्याच जिममध्ये सव्वा किलोपेक्षा लहान प्लेट नसते, म्हणून त्या स्वतःच घेऊन जाव्या लागतात. सहाव्या खेपेला तो पुन्हा 52.5 वर आला आणि या वेळी तिन्ही सेट निघाले. अशा जड दिवशी बेंचला सेफ्टी पिन लावा किंवा मागे कुणालातरी उभं करा. पिनही नाहीत आणि माणूसही नाही, तर त्या दिवशी वजन वाढवू नका.

स्क्वॉटची अडचण वहीत दिसत नाही, म्हणून तिची मला जास्त काळजी वाटते. आकडे 5, 5, 5 असतात, वजन वाढत असतं, आणि खोली मात्र दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत जाते. बाजूने, कमरेच्या उंचीवर फोन ठेवून शेवटच्या सेटचा व्हिडिओ काढा. खाली गेल्यावर मांडी आणि पोटाच्या मधली घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली जायला हवी. ज्या वजनाला ती वर राहते, तो सेट झालाच नाही असं समजा आणि ते वजन अपुऱ्या सेटसारखंच वहीत लिहा.

एखाद्या व्यायामात दोनदा उतरून, झोप-जेवण नीट ठेवूनही त्याच वजनाला अडकलात, तर त्या व्यायामापुरती दर खेपेची वाढ संपली. तिथे आता आठवड्यातून एकदाच वजन वाढवा: एक दिवस जड, एक हलका, एक मधला. बाकीचे दोन तोवर जुन्याच चालीने वाढत असतील, तर त्यांना अजिबात हात लावू नका.