पदं थांबलेली दिसतात, पण क्रमिका थांबली का? शीटवर अभिसरण बघताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यात अकरावी-बारावीला गणित शिकवताना मी एक क्रमिका दरवर्षी शीटवर करून घेतो. उदाहरण गावातलंच घेतो. एक रुपया वर्षाला दामदुप्पट दराने दिला, तर वर्षअखेर दोन रुपये होतात. तेच व्याज सहा-सहा महिन्यांनी मुद्दलात घातलं, तर आधी दीडी आणि मग त्या दीडीवर पुन्हा दीडी, म्हणजे २.२५. दर महिन्याला, दर दिवसाला, दर तासाला व्याज मुद्दलात घालत गेलो तर रक्कम वाढत वाढत कुठवर जाईल? हाच प्रश्न याकोब बर्नुलीने १६८३ मध्ये सोडवायला घेतला होता. उत्तर e, म्हणजे २.७१८२८१८२८४५९ आणि पुढे.

A स्तंभात वर्षातले हप्ते n, B मध्ये रक्कम आणि E1 मध्ये दर, म्हणजे १. सूत्र एका ओळीत लिहायचं, कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढायचं आणि पदं कुठे स्थिरावतात ते बघायचं. इतकं सोपं काम, पण यात पदं खोट्या जागी स्थिरावलेली मी तीन प्रकारे पाहिली आहेत.

पहिली खोटी जागा: १

मुलं सूत्र असं लिहितात:

```
=(1+E1/A2)^A2
```

खाली ओढलं की पहिल्या ओळीत २ येतो आणि पुढे सगळीकडे १, १, १. ओढताना E1 चा E2, E3 होत जातो. ते रकाने रिकामे, म्हणजे शून्य, आणि (1+0) चा कितवाही घात १ च. दुसरं पद पहिल्यापेक्षा लहान कसं, हा प्रश्न मनात आला की चूक लगेच सापडते. दराचा रकाना डॉलरने बांधून ठेवायचा:

```
=(1+$E$1/A2)^A2
```

दुसरी खोटी जागा: २.७०

ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे सूत्र बरोबर असतं. मागच्या वर्षी एका मुलीने n = १ ते १०० अशा शंभर ओळी ओढल्या होत्या आणि रकान्यात दोनच दशांश ठेवले होते. ती म्हणाली, "सर, हे तं थांबलं २.७० वर. आता आणखी काहून ओढायचं?" तिच्या पडद्यावर खरंच n = ५८ पासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत २.७० होतं. तिला म्हटलं, आणखी दोन ओळी ओढ. १०१ ला २.७० च राहिलं, १०२ ला २.७१ झालं. पुढे ते २.७१ चारशेच्या पलीकडेपर्यंत हलत नाही.

दशांश वाढवून आठ केले की पदं सरकताना दिसतात, ते आधी करावंच. पण तेवढ्याने भागत नाही. मुलं मग शेजारच्या दोन पदांतला फरक बघतात. n = १०० जवळ तो सुमारे ०.०००१३ आहे, म्हणून "एवढीच चूक उरली" असं लिहून देतात. खरं तर e पर्यंतचं अंतर तेव्हा ०.०१३५ आहे, त्या पावलाच्या जवळपास शंभरपट. या क्रमिकेत उरलेलं अंतर साधारण e/(2n) असतं आणि एका पावलाची लांबी e/(2n²) च्या आसपास. पाऊल बारीक झालं म्हणजे वाट संपत आली असं नाही, कारण पुढे अशी बारीक पावलं असंख्य आहेत.

म्हणून n एकेकाने वाढवू नका, दुप्पट करत न्या. A2 मध्ये १ आणि A3 मध्ये हे:

```
=A2*2
```

C3 मध्ये `=B3-B2` घालून खाली ओढा आणि हा फरक दर ओळीला कसा कमी होतो ते बघा. इथे तो जवळपास निम्मा होत जातो. निम्मा, मग त्याचा निम्मा असं सगळं जोडलं की शेवटच्या फरकाइतकंच अंतर पुढे उरतं. n = १०० ला पद २.७०४८१४ आणि २०० ला २.७११५१७, फरक ०.००६७०३. तो २०० च्या पदात मिळवला की २.७१८२२० मिळतं, आणि खऱ्या उत्तराच्या किती जवळ आलो ते तुम्हीच बघा.

याच कसोटीवर १ + १/२ + १/३ ... ही बेरीज पकडली जाते. तिचीही पावलं बारीक होत जातात आणि दोन दशांशांत ती थांबल्यासारखी भासते. पण १०० पदांची बेरीज ५.१८७, २०० ची ५.८७८, ४०० ची ६.५७०. दुप्पट केलं की दर वेळी ०.६९ ची भर पडतेच, फरक निम्मा होत नाही. ही बेरीज कुठेच थांबत नाही.

तिसरी खोटी जागा: २.७१८२८२०५

हुशार मुलं म्हणतात, मग n एकदम मोठा घेऊ. A3 मध्ये `=A2*10` लिहून ओढतात. आठ दशांशांत हे दिसतं:

```
10^6    2.71828047
10^7    2.71828169
10^8    2.71828180
10^9    2.71828205
10^10   2.71828205
10^11   2.71828205
10^12   2.71852350
10^13   2.71611003
10^14   2.71611003
10^15   3.03503521
10^16   1.00000000
```

मधल्या तीन ओळी बघा. शंभर कोटीपासून पुढे तीनदा तोच आकडा, कुणालाही वाटेल की उत्तर मिळालं. पण खरं उत्तर आठ दशांशांत २.७१८२८१८३ आहे.

शीट एका संख्येचे साधारण सोळाच सार्थ अंक सांभाळते. n शंभर कोटी असताना १ मध्ये ०.००००००००१ इतकी संख्या मिळवायची असते. सोळापैकी बहुतेक जागा १ आणि त्यामागची शून्यं खातात, 1/n चे फक्त सातेक अंक टिकतात. तिथे झालेली इवलीशी चूक मग n वा घात करताना जवळपास n पट होते. 10^16 ला तर मिळवलेलं सगळंच गळून पडतं आणि १ चा घात १ उरतो. रकान्यात दशांश कितीही वाढवा, गेलेले अंक परत येत नाहीत.

हे उत्तर माहीत नसतानाही ओळखता येतं. n दहापट केला की फरक दहावा हिस्सा व्हायला हवा. 10^6 ते 10^7 मध्ये फरक ०.०००००१२ आहे, त्याच्या आधीच्या फरकाचा बरोबर दहावा हिस्सा. 10^7 ते 10^8 मध्ये तो जेमतेम अपेक्षेइतका उतरतो, आणि 10^8 ते 10^9 मध्ये उतरण्याऐवजी दुपटीहून जास्त होतो. फरक वाढला त्या ओळीपासून खालचं काही वापरू नका. या सूत्रासाठी एक कोटीपर्यंत जावं आणि थांबावं.

त्याहून जास्त अंक हवे असतील तर सूत्रच बदलावं लागतं. A2 मध्ये ०, B2 आणि C2 मध्ये १, A3 मध्ये `=A2+1`, आणि पुढे:

```
B3:  =B2/A3
C3:  =C2+B3
```

ही १ + १/१! + १/२! + ... अशी बेरीज आहे. इथे १ मध्ये इवलीशी संख्या मिळवून तिचा प्रचंड घात करायचा प्रसंगच येत नाही. एकोणिसाव्या ओळीत, A मध्ये १७ असताना, C मध्ये 2.71828182845905 दिसतं आणि तिथून पुढे कितीही ओढलं तरी ते हलत नाही.