ईमेल खाते परत मिळाले, तरी पत्रे गायब होत होती : माझा अनुभव

निवृत्तीनंतर एके सकाळी माझ्या ईमेलचा पासवर्ड चालेना आणि खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांकही कुणीतरी बदललेला दिसला. मी नव्या फोनवरून घाईघाईने केलेले सर्व प्रयत्न फेटाळले गेले, तेव्हा मी अक्षरशः रडकुंडीला आले. नातू म्हणाला, "आजी, आज थांबू या."

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या नेहमीच्या जुन्या संगणकावरून, घरच्याच वायफायवर, मला आठवणारा शेवटचा पासवर्ड घालून अर्ज भरवला आणि खाते उघडले. आधी नवा पासवर्ड, मग इतर सर्व उपकरणांवरून लॉगआउट, मग परका क्रमांक काढणे, असा क्रम त्याने ठेवला. तरीही बँकेची पत्रे येईनात. सेटिंगमध्ये चोराने ती परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवून इथून पुसणारा नियम लावलेला होता. तो काढल्यावरच पत्रे येऊ लागली.