फिट-गॅप करताय? निदान या चुका तरी टाळा

अ‍ॅज-इज, म्हणजे आज काम कसं चालतं ती वर्कशॉप संपली, टू-बी, म्हणजे पुढे कसं चालेल ती संपली, चहा-सामोसे संपले की उरते एक एक्सेल शीट. डावीकडे कारखान्याची गरज, उजवीकडे ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये बसते का, म्हणजे फिट किंवा गॅप, आणि गॅप असेल तर पुढे काय: कॉन्फिगर करायचं, कामाची पद्धत बदलायची, की नवीन काही बांधायचं. ही शीट दोन दिवसांत भरून 'साइन-ऑफ घेतला' म्हणणारे लोक मी नेहमी बघतो. मग युजर टेस्टिंगच्या वेळी मला बोलावणं येतं. खाली लिहिलंय ते सॅप एस/४ हाना आणि पुण्याच्या आसपासचे ऑटो कॉम्पोनंट कारखाने डोळ्यांसमोर ठेवून, कारण माझं काम तिथलंच. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तर कोड बदलतील, चुका याच राहतील.

चूक पहिली: प्रोसेसच्या नावापुढे 'फिट' लिहिणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चाकणजवळचा एक कारखाना. राउंड बार विकत घ्यायचा, जॉबवर्करकडे फोर्जिंगला पाठवायचा, तिथून हीट ट्रीटमेंटला, मग परत आणून आपल्याकडे मशिनिंग. फिट-गॅप शीटमध्ये या सगळ्याला एकच ओळ होती: 'जॉबवर्क – स्टँडर्ड सबकॉन्ट्रॅक्टिंग – फिट'. लिहिणाऱ्याचं तसं चुकलं नव्हतं. सबकॉन्ट्रॅक्टिंगची पीओ करा, 541 मूव्हमेंटने माल जॉबवर्करच्या नावावर टाका, पार्ट आल्यावर 101 ने जीआर, म्हणजे मालाची आवक, नोंदवा, बिल ऑफ मटेरिअलप्रमाणे कच्चा माल 543 ने आपोआप खर्ची पडतो. वर्कशॉपमध्ये डेमोही छान झाला होता. १० नग पाठवले, १० आले, सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता खरा माल बघा. १,००० किलो बार गेला. एका पार्टचं कट वेट १.२५ किलो, म्हणजे कागदावर ८०० नग. आले ७८०. सिस्टिमने ७८० गुणिले १.२५, म्हणजे ९७५ किलो खर्ची टाकला. उरलेले २५ किलो बारची टोकं म्हणून भंगारात गेले होते, पण सिस्टिमच्या मते ते अजून जॉबवर्करकडे पडून आहेत. महिन्याला २० टन बार जात असेल, तर महिन्याला ५०० किलोचा भुताचा स्टॉक. पुढे एमआरपी, म्हणजे किती माल कधी मागवायचा ते काढणारा सिस्टिमचा हिशोब, त्या स्टॉकवर विसंबते आणि खरेदी कमी सुचवते. आणि जॉबवर्कच्या चलनावर तेवढं वजन उघडं राहतं. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला गेलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही किंवा तिथून विकला गेला नाही, तर तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरलं जातं. म्हणजे गोदामाचा घोळ अकाउंट्सच्या दारात.

शिवाय फ्लॅश, म्हणजे फोर्जिंग करताना साच्याबाहेर येणारं जादा धातू. नगामागे साधारण ०.२० किलो, तो जॉबवर्कर परत पाठवायचा. आणि तिसरी गंमत म्हणजे, फोर्जिंगवाला माल कारखान्यात आणतच नव्हता, टेम्पो थेट हीट ट्रीटमेंटवाल्याकडे. स्टोअरच्या काकांनी टेस्टिंगमध्ये पहिलाच प्रश्न टाकला, "माल गेटमधून आलाच नाही, तर मी जीआर कशाची करू?" त्यावर कन्सल्टंट आणि प्रोजेक्ट मॅनेजर एकमेकांकडे बघत बसले. हा प्रश्न अ‍ॅज-इज वर्कशॉपमध्ये यायला हवा होता. पण त्या दिवशी काका बोलावलेच नव्हते, त्यांचे साहेब आले होते.

आम्ही काय केलं, तर ती एक ओळ फोडली. टोकांच्या घटीसाठी बिल ऑफ मटेरिअलमध्ये बारला अडीच टक्के कॉम्पोनंट स्क्रॅप टाकला. ७८० नगांना आता साधारण ९९९ किलो खर्ची पडतो. हे कॉन्फिगरेशनसुद्धा नाही, नुसता मास्टर डेटा. फ्लॅश त्याच यादीत उणे संख्येने, म्हणजे उणे ०.२० किलो, टाकला. 101 करताना तो 545 ने आपोआप स्टॉकमध्ये येतो. थेट दुसऱ्या जॉबवर्करकडे जाणाऱ्या मालासाठी पीओच्या डिलिव्हरी अ‍ॅड्रेसमध्ये हीट ट्रीटमेंटवाल्याचा व्हेंडर कोड द्यायचा आणि SC Vendor वर टिक करायची. जीआर केली की माल कारखान्यात न येता त्याच्या नावावर चढतो. तेही स्टँडर्डच.

बदलावी लागली ती पद्धत: जीआर कधी आणि कशावरून करायची. ठरलं असं की हीट ट्रीटमेंटवाल्याने सही करून वजन टाकलेल्या चलनाचा फोटो आला की स्टोअरने त्याच दिवशी जीआर करायची. एका जॉबवर्करकडून दुसऱ्याकडे जाताना चलन मालक काढू शकतो किंवा माल पाठवणारा जॉबवर्कर, जीएसटीचा नियम ४५ दोन्हींना मुभा देतो. कोणी काढायचं हे मात्र तुम्हीच लिहून ठेवायला हवं, सिस्टिम ठरवत नाही.

बांधावी लागली ती एकच गोष्ट, एक रिपोर्ट. कोणत्या मूळ चलनाचा किती माल कुठल्या जॉबवर्करमार्फत परत आला, किती घट गेली, आणि वर्ष पूर्ण व्हायला किती दिवस उरले. जॉबवर्कच्या मालाचं जीएसटी विवरणपत्र ITC-04, त्यात ज्याच्याकडे माल पाठवला त्याच्याकडूनच परत आला तर तक्ता 5A, दुसऱ्याकडून आला तर 5B, आणि घटीचे रकाने वेगळे. दोन जॉबवर्करांची साखळी या तक्त्यांच्या मापात बसवायला तो रिपोर्ट लागलाच.

एक ओळ मात्र आम्ही शीटमधून बाहेरच काढली. एक जुना जॉबवर्कर फ्लॅश परत देत नव्हता, स्वतः ठेवून दर कमी लावायचा. त्यावर कर कसा आणि कोणी भरायचा हे सीएने सांगायचं. उत्तर येण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याने त्यावर डोकं चालवू नये.

म्हणून माझी सवय अशी आहे: शीटमधल्या प्रत्येक ओळीपुढे खरा कागद जोडायचा. मागच्या महिन्यातलं चलन, वजनाची पावती, डेबिट नोट. त्यात एक तरी कागद कटकटीचा हवा, तोच आपल्याला शिकवतो. त्या कागदातले आकडे सॅंडबॉक्समध्ये जसेच्या तसे टाकायचे आणि स्टॉक जुळला तरच 'फिट' लिहायचं. जुळला की नाही ते MBLB मध्ये जॉबवर्करनिहाय स्टॉक बघितला की लगेच कळतं. वेळ जातो, हो. 'एवढं डिटेलमध्ये नंतर बघू' म्हणणारी उत्साही पोरं मला प्रत्येक टीममध्ये भेटतात. नंतर म्हणजे गो-लाइव्हच्या आदल्या आठवड्यात.

चूक दुसरी: जुनी सही नव्या सिस्टिममध्ये ओढून आणणं

पहिल्या चुकीत कन्सल्टंट आळशी असतो, इथे युजर हट्टी असतो. खरेदीच्या वर्कशॉपमध्ये हमखास येणारी गरज: 'पीओवर सहा सह्या लागतात.' खरेदी अधिकारी, खरेदी मॅनेजर, स्टोअर, अकाउंट्स, प्लांट हेड, डायरेक्टर. कन्सल्टंट शीटमध्ये लिहितो 'सहा पातळ्यांचं अ‍ॅप्रूव्हल – कॉन्फिगर' आणि पुढे जातो. जुन्या रिलीज स्ट्रॅटेजीत आठ कोडपर्यंत जागा आहे, त्यामुळे सहा बसतात. बसतात म्हणून ठेवायच्या का, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी एकेका सहीवर एकच प्रश्न विचारतो: या सहीने मागच्या वर्षी काय अडवलं? स्टोअरवाले म्हणतात, माल आधीच पडलेला असताना ऑर्डर जाऊ नये म्हणून आम्ही बघतो. ठीक, पण आता मागणी एमआरपीतून स्टॉक वजा होऊनच निघणार आहे. म्हणजे त्या सहीचं काम सिस्टिमने घेतलं. अकाउंट्सवाले टॅक्स कोड आणि पेमेंट टर्म बघतात. पेमेंट टर्म व्हेंडर मास्टरमधून येते, टॅक्स कोड खरेदीच्या इन्फो रेकॉर्डमधून. तो मास्टर बनवतानाच अकाउंट्सची तपासणी ठेवा, दर पीओला नको. खरेदी अधिकाऱ्याची सही ही मुळात पीओ बनवणाऱ्याचीच सही होती. उरतात तीन: मॅनेजर नेहमी, प्लांट हेड ठराविक रकमेच्या वर, डायरेक्टर मोठ्या आणि भांडवली खरेदीला. ही कॉन्फिगर करा.

इथे कोणाला तरी वाईट वाटणार, हे धरून चाला. सही गेली म्हणजे मान गेला असं लोकांना वाटतं. त्यावर तोडगा म्हणून 'माहितीसाठी मेल' बांधून देऊ नका. आठवड्याने तो मेल कोणी उघडत नाही, पण त्याची देखभाल तुमच्या गळ्यात कायमची. ज्याचा मान दुखावलाय त्याच्याशी प्लांट हेडने बोलायचं असतं, आणि ते वर्कशॉपच्या आधी.

उलटी बाजूही सांगतो, नाहीतर 'सगळं स्टँडर्डच ठेवा' म्हणणारे माझ्या नावाने पावत्या फाडतील. स्टँडर्डचा आग्रह मलाही पटतो, पण ग्राहकाने किंवा कायद्याने घातलेली अट पद्धत बदलून जात नाही. ग्राहकाला त्याच्याच नमुन्यातलं लेबल हवं असेल तर तो फॉर्म बांधा आणि वाद घालू नका. माझी कसोटी साधी आहे: ही गरज कोणाची? कारखान्याच्या बाहेरच्याची असेल तर बहुधा बांधावं लागतं. आतल्याची असेल तर आधी बदलायला सांगायचं, मग कॉन्फिगर, आणि बांधणं अगदी शेवटी.

बाकीच्या, थोडक्यात

'गॅप' एवढंच लिहून सोडू नका. गॅपपुढे मार्ग, मालक आणि तारीख नसेल तर ती नुसती तक्रार आहे.

'पार्क केलं' हा शेरा शीटमध्ये आला की दोन आठवड्यांची मुदत घाला. पार्क केलेल्या गाड्या गो-लाइव्हला रस्त्यात येतात.

रिपोर्टची यादी वर्कशॉपमध्ये मागू नका, लोक जुन्या सिस्टिमचे सगळेच्या सगळे सांगतात. गेल्या तीन महिन्यांत कोणते उघडले तेवढेच घ्या.

बांधायच्या कामापुढे नुसतं 'मध्यम' लिहू नका. त्यात टेस्टिंग आणि पुढच्या प्रत्येक अपग्रेडला लागणारी फेरतपासणी धरली आहे का, ते विचारा. बहुतेक वेळा धरलेली नसते.

प्रिंट फॉर्म विसरू नका. इन्व्हॉइस, चलन, पीओ. सगळे धरतात की हे होऊन जाईल, आणि डिस्पॅचचा पहिला ट्रक नेमका त्याच कागदासाठी गेटवर थांबतो.

आणि साइन-ऑफ साहेबांचा घ्याच, पण ओळीपुढची सही जो ती एंट्री रोज करतो त्याची घ्या. स्टोअरच्या ओळींवर स्टोअरच्या माणसाची. त्याला एक्सेल येत नसेल तर प्रिंट काढून द्या.