लोकरीच्या स्वेटरवर सूप सांडलं तर: डाग काढायचा, पण स्वेटर आटू द्यायचा नाही

माझ्या एका निळ्या स्वेटरच्या उजव्या बाहीवर, मनगटाच्या थोडं वर, मोठ्या बटणाएवढा एक गच्च चट्टा आहे. तिथे पूर्वी अंड्याचा डाग होता. मी गरम पाणी, अंगाचा साबण आणि ब्रश घेऊन तो दोन-तीन मिनिटं जोरात घासला. डाग बराचसा गेला, पण वाळल्यावर पाहिलं तर तेवढ्या भागातले टाके दिसेनासे झाले होते. बाकीची बाही ताणली की ताणली जाते, तो चट्टा मात्र पुठ्ठ्यासारखा बसून राहतो. आटलेला अख्खा स्वेटर लगेच नजरेत भरतो. हे छोट्या जागेवरचं आटणं हाताला लागेपर्यंत कळत नाही, आणि घरी डाग काढताना सगळ्यात जास्त वेळा होतं तेच.

का होतं ते एकदा समजलं की पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. लोकरीचा प्रत्येक तंतू हा केस आहे, आणि त्याच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक रचलेले बारीक खवले असतात. सगळ्या खवल्यांची टोकं एकाच बाजूला, म्हणजे केसाच्या शेंड्याकडे असतात. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो आणि उलट दिशेने अडतो. ओला झाला की तो फुगतो, लवचीक होतो. अशा वेळी चोळलं की प्रत्येक हालचालीबरोबर तंतू थोडा पुढे सरकतो, मागे येऊ शकत नाही, आणि शेजारच्या तंतूंत गुंतत जातो. यालाच फेल्ट होणं म्हणतात. उष्णता आणि साबणातला क्षार या सरकण्याला मदत करतात, पण मुख्य काम करते ती हालचाल. कोमट पाण्यात शांत पडून राहिलेल्या स्वेटरला फारसं काही होत नाही. थंड पाण्यात खसाखसा चोळलेला मात्र खराब होऊ शकतो. आणि एकदा गुंतलेले तंतू पुन्हा सुटत नाहीत.

म्हणून चोळून जे काम पटकन होतं, ते आपण वेळ देऊन आणि दाबून करायचं. मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे, टिपणं.

आधी लेबल आणि रंग

आतल्या शिवणीजवळचं लेबल वाचा. टबात हात बुडवलेलं चित्र असेल तर हाताने धुता येतं. टबावर फुली असेल तर घरी पाणी लावू नका, तो स्वेटर ड्रायक्लीनला द्या. ‘सुपरवॉश’ लिहिलेल्या लोकरीवर खवले दबावेत अशी प्रक्रिया केलेली असते, ती बरंच सोसते. तरी डागाच्या जागी ती घासायला जाऊ नका.

मग आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा शिवणीवर पांढरा ओला कपडा अर्धा मिनिट दाबून धरा. कपड्यावर रंग उतरला तर स्वेटर भिजत ठेवायचा नाही.

आणि कोरडा असतानाच टेपने मापं घेऊन ठेवा: छातीची रुंदी, खांद्यापासून खालपर्यंतची लांबी, बाहीची लांबी. हे काम सगळेच टाळतात, पण वाळत घालताना याच आकड्यांचा आधार असतो.

डाग: टोमॅटो सूपचं उदाहरण

टोमॅटोचं क्रीम घातलेलं सूप उदाहरणाला घेतो, कारण त्यात तीन प्रकारचे डाग एकत्र येतात. क्रीममधली चरबी, दुधातलं प्रथिन आणि टोमॅटोचा लाल रंग. हलक्या करड्या स्वेटरवर, गळ्याच्या चार बोटं खाली, साधारण तीन इंचांचा डाग पडला होता. तो असा काढला.

सुरुवातीला चमच्याच्या कडेने वरचं सूप उचलून घेतलं, बाहेरून आत, म्हणजे डाग पसरत नाही. मग स्वेटरच्या आत, डागाच्या मागे घडी घातलेला पांढरा कपडा ठेवला आणि वरून दुसऱ्या कपड्याने सरळ खाली दाबत टिपलं. कपड्याची जागा दर वेळी बदलायची, नाहीतर उचललेला रंग आपणच परत लावतो. टिपताना बोट गोल फिरवायची सवय असते, ती इथे मोडावी लागते.

यानंतर स्वेटर उलटा करून मागच्या बाजूने थंड पाणी सोडलं, नळाची बारीक धार, अर्धा मिनिट. मागून सोडलं की डाग आला त्याच वाटेने बाहेर ढकलला जातो. पाणी थंडच हवं, कारण दूध आणि अंडं यांतलं प्रथिन गरम पाण्याने गोठतं आणि तंतूला घट्ट धरतं. माझ्या निळ्या बाहीवरची पहिली चूक तीच होती.

मग एक कप थंड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. हे पाणी बोटांनी डागावर ठेवायचं, हलकेच दाबायचं आणि दहा मिनिटं सोडून द्यायचं. ही दहा मिनिटं खरं काम करतात. साबण चरबी सोडवतो, आणि टोमॅटोचा लाल रंग चरबीत विरघळणारा असल्यामुळे तोही चरबीबरोबर निघतो. म्हणूनच टोमॅटोच्या डागावर नुसतं पाणी फारसं चालत नाही. दहा मिनिटांनी टिपलं, मागून पाणी सोडलं, पुन्हा साबणाचं पाणी लावलं. पहिल्या फेरीनंतर डाग लाल होता, दुसऱ्या फेरीनंतर नारिंगी झाला आणि तिसरीनंतर नुसती फिकट पिवळसर कडा उरली.

त्या कडेवर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी असं मिश्रण टिपून पाच मिनिटं ठेवलं आणि धुऊन काढलं. सौम्य आम्ल लोकरीला चालतं, क्षार चालत नाही. सगळं मिळून पाऊण तास गेला, पण त्यात स्वेटरला हात लागला तो जेमतेम पाच मिनिटं.

दुसरा डाग असेल तर हाच क्रम थोडा बदलतो. नुसतं तेल किंवा लोणी असेल तर पाणी लावण्याआधी त्यावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर भुरभुरवा, अर्धा तास ठेवा, झटकून टाका आणि मग साबणाचं पाणी. काळा चहा, कॉफी किंवा फळाचा रस असेल तर थंड पाण्यानंतर थेट व्हिनेगरचं मिश्रण लावून पाहा, साबण नंतर. कॉफीत दूध असेल तर मात्र आधी थंड पाणी, मग साबणाचं पाणी आणि शेवटी व्हिनेगर.

डाग काढायची म्हणून विकली जाणारी काही औषधं लोकरीवर चालत नाहीत. क्लोरीनचं ब्लीच लोकरीला पिवळं करतं आणि शेवटी विरघळवून टाकतं. एन्झाइमची पावडर रोजच्या सुती कपड्यांवर उत्तम, पण त्यातलं प्रथिन फोडणारं एन्झाइम डागातलं प्रथिन आणि लोकर यांत फरक करत नाही, लोकरही प्रथिनच आहे. डब्यावर ‘लोकर आणि रेशमासाठी नाही’ असं लिहिलेलं असतं, ते याचसाठी. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची साबणवडी यांत क्षार जास्त, तेही नकोत.

आता पूर्ण स्वेटर

डागाची जागा ओली असतानाच पूर्ण स्वेटर धुऊन टाकावा, नाहीतर वाळल्यावर पाण्याची गोल कडा उमटते.

टबात किंवा मोठ्या बादलीत ५ लिटर पाणी घ्या. तापमान ३० अंशांपर्यंत, म्हणजे हाताला ना गरम ना गार लागेल असं. त्यात लोकरीसाठीचं लिक्विड डिटर्जंट साधारण एक चहाचा चमचा, किंवा बाटलीवर लिहिलं असेल तेवढं. आधी पाण्यात नीट मिसळा, मगच उलटा केलेला स्वेटर सोडा. स्वेटर पाण्यात असताना वरून नळ सुरू ठेवू नका. जोरात पडणारी धार हीसुद्धा हालचालच आहे.

तळव्यांनी स्वेटर हळूच खाली दाबा, पाणी शिरू द्या, सोडा. असं आठ-दहा वेळा, आणि मग दहा मिनिटं तसाच राहू द्या. खळबळायचं नाही, उचलून आपटायचं नाही. दहा मिनिटांनी घाण पाणी ओतताना स्वेटर टबाच्या एका बाजूला दाबून धरा. दुसरं पाणी पहिल्याइतकंच कोमट घ्या. पाण्याला फेस येईनासा होईपर्यंत, बहुधा दोन-तीन वेळा, असंच दाबून धुवा.

ओला स्वेटर खांद्याला धरून उचलू नका. लोकर पुष्कळ पाणी धरते आणि त्या वजनाने टाके खाली ओघळतात. दोन्ही हात खाली घालून, झोपलेलं मूल उचलावं तसा अख्खा उचला. पिळू नका. मोठ्या कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि गुंडाळीवर तळव्यांनी दाबत पुढे सरका. टॉवेल चिंब झाला तर दुसरा घ्या.

मग कोरड्या टॉवेलवर, सावलीत, हवा खेळती असेल तिथे आडवा पसरा आणि टेप काढा. त्या करड्या स्वेटरची छाती ५२ सेंटिमीटर होती, धुतल्यावर ५० भरली. हा फेल्ट नव्हता. विणताना ताणलेले टाके पाण्यात सैल होऊन जागेवर येतात, त्यामुळे असं थोडं आखडणं होतं आणि ते परत ओढून घेता येतं. कडा दोन्ही हातांनी अलगद ओढत ५२ वर आणली, बाह्या मापात ठेवल्या, गळा आणि मनगटाची पट्टी मात्र आत सारली.

फरक ओळखायचा तर स्वेटरचा थोडा भाग उजेडासमोर धरून हलकेच ताणा. टाक्यांच्या फटींतून उजेड दिसला आणि कापड हाताबरोबर आलं, तर ओलं असेपर्यंत माप दुरुस्त होतं. फटी बुजल्या असतील, पृष्ठभाग केसाळ आणि जाड लागत असेल आणि ओढूनही ताण येत नसेल, तर तो फेल्ट. केसांच्या कंडिशनरच्या पाण्यात भिजवून ओढलं तर एखादा सेंटिमीटर मिळतो, टाके मात्र पुन्हा उघडत नाहीत.

वाळायला एक ते दोन दिवस लागतात, मध्ये एकदा उलटवा आणि खालचा ओला टॉवेल बदला. पूर्ण वाळल्यावर डागाची जागा दिवसाच्या उजेडात पाहा. सावट उरलेलं असेल तर इस्त्री किंवा कसलीही उष्णता लावू नका, त्याने ते पक्कं बसतं. त्याऐवजी साबणाच्या पाण्याची आणखी एक फेरी द्या. करड्या स्वेटरवर ती लागली नाही. माझ्या निळ्या बाहीवर आज फक्त अंड्याचा डाग असता, तर याच रीतीने तो आताही काढता आला असता.