गॉथिक आणि रोमन व्हॉल्टची तुलना: या चुका टाळा

वास्तुकलेच्या इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न आला की गठ्ठा उघडण्याआधी मी चहा मागवतो. बहुतेक उत्तरांत पानावर मधोमध रेघ असते. डावीकडे ‘रोमन: जड, अर्धवर्तुळाकार, काँक्रीट’, उजवीकडे ‘गॉथिक: हलका, टोकदार, दगड’. त्यात खोटं काही नाही. पण व्हॉल्टचा, म्हणजे कमानदार छपराचा, आडवा रेटा शेवटी कुठे गेला, हे कुणी लिहीत नाही, आणि गुण तिथे असतात.

सर्वांत जुनी चूक म्हणजे ‘रोमन काँक्रीट एकसंध, त्यामुळे रेटाच नाही’ हे वाक्य. गाइडमधून गाइडमध्ये ते उतरत आलं आहे. त्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती आणि ताण त्याला फारसा सोसत नाही. रोममधल्या पँथिऑनच्या घुमटालाही खालून वर जाणाऱ्या भेगा आहेत, म्हणजे रेटा आहेच.

एका तोंडी परीक्षेत एका मुलीने रोममधल्या मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकाचा छेद काढला होता. रेघा सुरेख, मधला हॉल झकास. मी विचारलं, ‘अगं, बाजूची दालनं कुठायत?’ ती म्हणाली, ‘सर, ती साइडची होती म्हणून वेळ वाचवला.’ नेमकं तेच वाचवायचं नव्हतं! इ.स. 306 नंतर सुरू झालेल्या या इमारतीत मधल्या हॉलवर तीन ग्रोइन व्हॉल्ट होते, रुंदी सुमारे 25 मीटर आणि उंची सुमारे 35. दोन बॅरल व्हॉल्ट, म्हणजे बोगद्यासारखे व्हॉल्ट, एकमेकांना काटकोनात छेदले की ग्रोइन व्हॉल्ट होतो, आणि त्याचं वजन चार कोपऱ्यांवर उतरतं. म्हणजे ‘रोमन पसरवतात, गॉथिक एकवटतात’ हेही सरसकट खरं नाही. ते बॅरल व्हॉल्टपुरतं खरं आहे. त्या कोपऱ्यांमधला रेटा अडवायला दोन्ही बाजूंना तीन-तीन दालनं होती. त्यांच्यामधल्या आडव्या भिंती हेच बट्रेस. हॉलमधले भलेमोठे संगमरवरी खांब बरीचशी शोभा. खरं वजन मागच्या काँक्रीटच्या पियरवर, म्हणजे जाड आधारस्तंभांवर, होतं. आज मधलं छप्पर पडलेलं आहे, पण उत्तरेकडची तिन्ही दालनं बॅरल व्हॉल्टसकट उभी आहेत.

आता फ्रान्समधलं आमियँ घ्या. 1220 मध्ये सुरू झालेल्या या कॅथेड्रलमध्येही रेटा कोपऱ्यांवरच एकवटतो, फक्त तो आत न अडवता फ्लाइंग बट्रेसने, म्हणजे बाहेरच्या अर्ध्या कमानींनी, हवेतून बाहेरच्या पियरवर नेला आहे. त्यामुळे खांबांमधली भिंत काचेला मोकळी झाली. टोकदार कमान त्याच रुंदीच्या अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा कमी रेटते. शिवाय रुंदी कमी-जास्त असली तरी माथे एका उंचीवर आणता येतात, म्हणून आयताकृती बे, म्हणजे चार खांबांमधले गाळे, सोपे जातात. टोकदार कमान ‘सौंदर्यासाठी’ असं लिहिलंत तर मी तिथेच लाल पेन थांबवतो.

दुसरी चूक माझीच, रिबबद्दल, म्हणजे गॉथिक व्हॉल्टखालच्या दगडी कमानींबद्दल. ‘रिब म्हणजे सांगाडा, सगळं वजन तीच घेते’ असं मी कितीतरी वर्षं शिकवलं. मग वर्गात एका पोराने विचारलं, ‘सर, पहिल्या महायुद्धात तोफा लागल्या तेव्हा काही व्हॉल्टच्या रिबा पडल्या, वरची वेब, म्हणजे रिबांमधलं दगडी कवच, तशीच राहिली. ते कसं?’ मी घसा खाकरून वेळ काढला. खरं असं की वेब वक्र असल्यामुळे स्वतःही कमानीसारखी वागते. रिबचं मोठं काम बांधताना असतं. आधी सेंटरिंगवर, म्हणजे तात्पुरत्या लाकडी आधारावर, रिबा उभ्या करायच्या, मग त्यांच्या आधाराने हलक्या फळ्यांवर वेबचे दगड लावायचे. चुना सावकाश धरतो, तोवर रिब सांभाळते, आणि दोन वेबचा किचकट सांधाही झाकते. रोमन पद्धतीत व्हॉल्टच्या पूर्ण आकाराचं सेंटरिंग लागायचं. म्हणून बांधणीच्या मुद्द्यात मी आधी सेंटरिंग लिहायला लावतो. ज्यांना पाठ करून सुटायचं असतं ते नेमकं हेच गाळतात.

‘काँक्रीट ओतलं’ लिहू नका. दगड-विटांचे तुकडे आणि चुन्याचा गारा हाताने थराथराने बसवत. पँथिऑन घुमट आहे, त्याला व्हॉल्टचं मुख्य उदाहरण करू नका. आणि जाडी न दाखवता एका रेघेत छेद काढू नका.

अवकाशाच्या मुद्द्यावर ‘भव्य’ हा शब्द दोन्हीकडे लिहून मोकळं होतात. त्यापेक्षा आकडे बोलतात. मॅक्सेंटियसच्या हॉलची उंची रुंदीच्या दीडपटही नाही, आणि तीनच मोठे बे, त्यामुळे नजर मधे थांबते, बाजूच्या दालनांत शिरते. आमियँच्या मधल्या भागाची उंची 42 मीटरच्या वर, रुंदीच्या जवळपास तिप्पट. बे अरुंद आणि बरेच, रिबची रेघ खांबावरून थेट खाली उतरलेली, त्यामुळे नजर वर जाते नाहीतर सरळ वेदीकडे पळते. मी मुलांना दोन्ही छेद एकाच स्केलवर शेजारीशेजारी काढून रेट्याचे बाण लाल पेन्सिलीने दाखवायला सांगतो. पाच मिनिटं लागतात, आणि रोमन छेदात बाण आतल्या भिंतीत संपतो, गॉथिक छेदात इमारतीबाहेरच्या पियरमध्ये.