दहा लाखाचा M काढला आणि गोदामाचं मॉडेल सुटलं

कुठली गोदामं उघडायची हे ठरवणारं एक मॉडेल माझ्याकडे आलं, सॉल्व्हर रात्रभर चालायचा तरी गॅप, म्हणजे हातातलं उत्तर आणि बाउंड यांतला फरक, हलायचाच नाही. लॉग बघितला तर रूट नोडचा बाउंडच, म्हणजे खर्च याच्याखाली जाऊच शकत नाही तो आकडा, फार खाली होता, म्हणून बायनरी अट सोडून नुसता LP सोडवला, तर गोदाम उघडं असलं की 1 आणि बंद असलं की 0 व्हायला हवेत ते सगळे y जवळजवळ शून्य. कारण या ओळीत होतं, x म्हणजे गोदामातून जाणारा माल आणि दहा लाख हा M:

```
x[j] <= 1000000 * y[j]
```

आता बघा, गोदामाची क्षमता 300 पोती, उघडायचा खर्च 50,000 रुपये. 300 पोती पाठवायची तर LP ला y = 0.0003 पुरतं, म्हणजे गोदाम 15 रुपयात उघडलं की हो! मग बाउंड खालीच राहणार आणि सॉल्व्हर फांद्या फोडत बसणार. M च्या जागी 300 टाकलं की तेवढ्याच मालाला y = 1 लागतो, पूर्ण 50,000 मोजावे लागतात. एकूण मागणी क्षमतेपेक्षा कमी असेल तर तीच घ्यायची, पण त्याच्याखाली गेलात तर खरी उत्तरंच कापली जातात.

तरी अर्धं भरलेलं गोदाम y = 0.5 वर सुटतंच, म्हणून प्रत्येक दुकानाची वेगळी अट जोडली, d[i] म्हणजे त्या दुकानाची मागणी:

```
x[i,j] <= d[i] * y[j]
```

आता 40 पोत्यांची मागणी असलेलं एक दुकान जरी पूर्ण इथून घेत असेल तरी y = 1 च. ओळी वाढल्या, पण बाउंड बराच वर आला आणि गॅप भराभर मिटला.

अजून एक भानगड, गुरोबी या सॉल्व्हरमध्ये IntFeasTol, म्हणजे y पूर्णांकापासून किती ढळला तरी चालतो ती सूट, डीफॉल्ट 1e-5 असतो, म्हणजे M दहा लाख असला तर "बंद" गोदामातूनही 10 पोती निघू शकतात. उत्तरात असा फुकटचा माल दिसला तर आधी M बघा.