गॉगल, मास्क, हेल्मेटचा पट्टा: फेस स्वॅप करताना या चुका टाळा

फेस स्वॅप साध्या चेहऱ्यावर हल्ली कुणीही करतंय, फोटो टाकला, व्हिडिओ टाकला, बटण दाबलं की झालं. खरी गंमत चेहऱ्यासमोर काहीतरी आलं की सुरू होते. आपल्या सोलापुरात तर दुपारचा शॉट म्हटलं की गॉगल आलाच, धूळ म्हणून तोंडाला मास्क, आणि गाडीवरचा सीन असेल तर हेल्मेट. म्हणून एकच केस घेऊन नीट सांगतो.

शॉर्ट फिल्ममधला शॉट आहे. हिरो बुलेटवर विजापूर रोडनं संभाजी तलावाकडं येतोय. हिरोला गाडी धड चालवता येत नाही म्हणून गाडीवर त्याचा बॉडी डबल बसलाय, आणि एडिटमध्ये त्याच्या चेहऱ्यावर हिरोचा चेहरा बसवायचाय. दोघांनाही माहितीय, दोघांचीही लेखी हो आहे, हे आधीच उरकून घ्या, नंतर भांडण नको. डबलच्या डोक्यावर तोंड उघडं असणारं हाफ हेल्मेट, हनुवटीखालून काळा पट्टा, डोळ्यावर तपकिरी गॉगल, वरून गडद आणि खाली फिका होत जाणारा. व्हिडिओ 1080p, फ्रेममध्ये चेहरा साधारण 300 पिक्सेल, पट्टा 14 पिक्सेल रुंद.

पहिली चूक: सगळा चेहरा सॉफ्टवेअरवर सोडून देणं

फेसफ्युजनसारख्या टूलमध्ये बरेच जण inswapper_128 हे मॉडेल वापरतात. हे मॉडेल चेहरा कापून, सरळ करून, 128 बाय 128 च्या चौकोनात नवा चेहरा काढतं आणि परत फ्रेमवर चिकटवतं. त्याला समोर काय आहे आणि मागं काय आहे हे कळत नाही, त्याच्या दृष्टीनं चौकोनात आलेलं सगळं चेहराच. त्यामुळं नुसता बॉक्स मास्क, म्हणजे अख्खा चौकोन चिकटवणारा, ठेवला तर गॉगलच्या काचेवर भुतासारखे अर्धवट डोळे उमटतात, फ्रेमची कड मध्येच वितळते आणि हनुवटीजवळ पट्टा कातडीत विरघळून जातो. 300 चं 128 झालं म्हणजे आपला 14 पिक्सेलचा पट्टा तिथं जेमतेम सहा पिक्सेल उरला, मग मॉडेल त्याला सुरकुती समजलं तर त्याचा तरी काय दोष.

म्हणून ऑक्लुजन मास्क चालू करायचा, म्हणजे चेहऱ्यासमोरची वस्तू ओळखून तेवढी जागा मूळ फ्रेमचीच ठेवली जाते.

```
python facefusion.py headless-run \
  --processors face_swapper \
  --face-swapper-model inswapper_128 \
  --face-mask-types box occlusion \
  --face-mask-blur 0.3 \
  -s hero.jpg -t shot.mp4 -o out.mp4
```

आता इथंच लई लोक थांबतात. पहिल्या फ्रेमवर झकास दिसतंय ना, मग झालं बे. पण व्हिडिओ चालवून बघा, गॉगल बऱ्यापैकी टिकतो कारण तो मोठा आहे, पट्टा मात्र एका फ्रेमला आहे, दुसऱ्या फ्रेमला अर्धा, तिसऱ्याला परत आहे, असा लुकलुकतो. पातळ वस्तू ऑटोमॅटिक मास्कला झेपत नाही, त्यात गाडी खड्ड्यातनं उडतेय आणि पट्टा वाऱ्यानं हलतोय. तिथं हातानं रोटो, म्हणजे वस्तूची कड आखून ती कापून घेणं, याला पर्याय नाही.

काय नवं बनवायचं आणि काय हात लावायचा नाही

हे स्वॅप रन करायच्या आधी ठरवायचं, नंतर नाही. प्रत्येक वस्तूला विचारायचं की आरपार दिसतंय का. पट्ट्यातनं काही दिसत नाही, हेल्मेटच्या कडेतनं काही दिसत नाही, गॉगलच्या वरच्या गडद भागातनं काही दिसत नाही, म्हणजे हे सगळं मूळ फ्रेममधलंच राहणार, एक पिक्सेल पण नवा बनवायचा नाही. गॉगलच्या खालच्या फिक्या भागातनं मात्र गाल आणि खालची पापणी दिसते, म्हणजे तिथं काचेमागं हिरो पाहिजे. आणि तिसरी गोष्ट लोक कायम विसरतात ती सावली. पट्ट्याची गालावर पडलेली बारीक सावली ही वस्तू पण नाही आणि चेहरा पण नाही, ती वेगळी बनवावी लागते.

मग लेयर असे लागतात: सगळ्यात खाली मूळ शॉट, त्यावर स्वॅप केलेला चेहरा, त्यावर सावली, आणि सगळ्यात वर मूळ शॉटमधनंच कापून घेतलेला गॉगल आणि पट्टा. म्हणजे स्वॅपनं खाली काचेवर डोळे काढले काय आणि पट्टा खाल्ला काय, वर खरी वस्तू बसल्यावर फरक पडत नाही. या पद्धतीत स्वॅप फक्त कातडीसाठी वापरायचा, एवढं डोक्यात ठेवलं की निम्मा त्रास वाचतो.

गॉगलचा रोटो सोपा आहे कारण गॉगल वाकत नाही. एकदा आकार काढला की ट्रॅकरला लावून द्यायचा, जागा, फिरणं आणि लहान-मोठं होणं एवढंच लागतं. पट्टा वाकतो, त्याला हातानं की-फ्रेम द्याव्या लागतात, गाडी जोरात उडते तिथं पाच-सहा फ्रेमला एक, सरळ रस्त्यावर कमी चालतात. मास्कची कड एक पिक्सेल आत घ्या आणि एक पिक्सेल मऊ करा. कारण पट्ट्याच्या कडेच्या पिक्सेलमध्ये डबलच्या कातडीचा रंग मिसळलेला असतो, तो तसाच आणला तर हिरोच्या गालावर पट्ट्याभोवती वेगळ्या रंगाची किनार दिसते, आणि डबल उन्हात रापलेला, हिरो गोरा असेल तर लगेच कळतं.

आता यातली माझी आवडती युक्ती. स्वॅप जिथं संपतो तिथं रंगाचा जोड कुठंतरी दिसणारच, वर हिरोचा चेहरा आणि खाली डबलची मान. हा जोड बरोबर पट्ट्याच्या खाली लपवायचा. स्वॅपच्या मास्कची खालची कड पट्ट्याच्या मधोमध आणून ठेवा, वर खरा पट्टा बसला की जोड गायब. मास्कची वरची कड गॉगलच्या फ्रेमखाली, हेल्मेटच्या कडेखाली, जिथं जिथं वस्तू आहे तिथं तिथं जोड तिच्याखाली ढकलायचा. लोक या वस्तूंना वैतागतात, पण उघड्या चेहऱ्यापेक्षा इथं जोड लपवायला जागा जास्त मिळते.

सावलीचं असं की स्वॅप मॉडेल मोठा उजेड-अंधार सांभाळतं, पण पट्ट्याखालची सात-आठ पिक्सेलची बारीक सावली ते पुसून टाकतं. मग पट्टा गालावर टेकलाय असं न वाटता हवेत तरंगतोय असं वाटतं, बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खोटं आहे हे कळतं. मूळ शॉटची कॉपी घ्या, रंग काढून टाका, लेव्हल्स ओढून कातडी पांढरी होईपर्यंत न्या, म्हणजे फक्त सावली उरते, पट्ट्याजवळची तेवढीच पट्टी ठेवा आणि मल्टिप्लाय मोडमध्ये साधारण अर्ध्या ओपॅसिटीवर टाका.

फिक्या काचेचं थोडं किचकट आहे. तिथं स्वॅपचा गाल खाली ठेवायचा, त्यावर काचेचा तपकिरी रंग मल्टिप्लायनं, आणि काचेवरची चमक, रस्त्याचं प्रतिबिंब मूळ शॉटमधनं स्क्रीन मोडनं परत आणायचं. वेळ नसेल तर सरळ काच थोडी गडद करा आणि पूर्ण मूळ ठेवा. दोन सेकंदाच्या शॉटमध्ये कुणी काचेमागची पापणी बघत नाही.

एन्हान्सर सगळ्यात शेवटी लावणं

128 चा चेहरा 300 वर ताणला की मऊ दिसतो, म्हणून GFPGAN किंवा CodeFormer असा एन्हान्सर लावतात, बरोबर आहे. पण तो फायनल फ्रेमवर लावला की तो परत काचेत डोळे काढायला बघतो, पट्ट्याची शिवण गुळगुळीत करून टाकतो. आधी स्वॅप, मग एन्हान्सर, तो पण निम्म्या ब्लेंडवर, आणि त्यानंतर खऱ्या वस्तू वर. हा क्रम बदलायचा नाही.

सोर्स फोटोत पण गॉगल

टार्गेटमध्ये गॉगल आहे म्हणून हिरोचा पण गॉगलवाला फोटो देऊ, असं बऱ्याच जणांना वाटतं. उलटं होतं. मॉडेल सोर्स फोटोतनं चेहऱ्याची ओळख काढतं, डोळे आणि भुवया झाकलेल्या असतील तर ती ओळखच कच्ची निघते, आणि डोळ्याभोवती काळपट डाग येतात. सोर्स उघड्या चेहऱ्याचाच द्या, सारख्या उजेडात.

मास्क लावलेला चेहरा

आता याच फिल्ममधला दुसरा शॉट, नवी पेठेत गर्दीतनं डबल चालतोय, तोंडाला निळा सर्जिकल मास्क. इथं ओळख फक्त कपाळ, भुवया आणि डोळे यातनं येणार, तेवढाच स्वॅप ठेवा आणि जोड मास्कच्या वरच्या कडेखाली घाला. मास्कवर ओठ उमटले तर ऑक्लुजन मास्क चालू नाही किंवा कमी पडतोय असं समजा. मास्कचा फुगीर आकार डबलच्या नाकाचा आणि जबड्याचाच राहणार, त्याला इलाज नाही, त्यामुळं दोघांच्या नाकात लई फरक असेल तर समोरनं क्लोजअप घेऊच नका.

चेहरा इतका झाकलेला असला की डिटेक्टर तो सोडून देतो, मग लोक डिटेक्टर स्कोअर 0.5 वरनं 0.3 वर आणतात. चालतं, पण सोलापुरात एक भानगड होते, मागं वाढदिवसाचा फ्लेक्स असला की त्यावरच्या सगळ्या भाऊ-दादांना पण हिरोचा चेहरा लागतो. सगळे चेहरे असा पर्याय न ठेवता डबलचा चेहरा रेफरन्स म्हणून निवडायचा.

मग डायरेक्टर म्हणतो, मास्क काढूनच टाक की, खाली हिरोचं तोंड दाखव. इथं नाही म्हणायला शिका. मास्कखालचं तोंड फ्रेममध्ये नाहीच, ते बनवलं तर ते स्वॅप नाही, नवं चित्र झालं, आणि ते प्रत्येक फ्रेमला थोडं वेगळं येणार, ओठ थरथरल्यासारखे दिसणार. त्यात डायलॉग असेल तर विषयच संपला. मास्क खाली ओढून तेवढा शॉट परत घ्या, स्वस्तात पडतं. याच कारणानं कुणी सीसीटीव्हीतल्या माणसाचा मास्क काढून चेहरा दाखव म्हणून आला तर त्याला परत पाठवा, जो चेहरा निघेल तो मॉडेलनं अंदाजानं काढलेला असेल, त्या माणसाचा नाही, आणि उगाच दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडायचं.

चेक कसं करायचं

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, तासभर तेच बघून सगळं बरं दिसायला लागतं. फायनल शॉट मूळ शॉटवर ठेवा आणि ब्लेंड मोड डिफरन्स करा. जिथं काही बदललं नाही तिथं पूर्ण काळं दिसतं. पट्टा, हेल्मेट, गडद काच काळीच पाहिजे, फक्त कातडी, सावली आणि फिकी काच उजळलेली पाहिजे. पट्ट्यावर मध्येच चमक दिसली की त्या फ्रेमला रोटो सुटलाय, तिथं की-फ्रेम टाका. फक्त हे करताना दोन्ही बाजू PNG फ्रेममध्ये काढून घ्या, नाहीतर mp4 च्या कॉम्प्रेशनचा कचरा सगळीकडं चमकतो आणि माणूस नसलेल्या चुका शोधत बसतो.